रविवारी सकाळी सायकलवर : गती, नियम आणि नवशिक्यांना निमंत्रण

नारायण पेठ, शनिवार पेठ आणि सदाशिव पेठ या भागांतील आम्ही काहीजण दर रविवारी सकाळी सायकलवरून एक फेरी मारतो. गटातील बहुतेकजण साठीच्या पुढचे आहेत. या लेखाद्वारे वाचकांना त्या फेरीचे निमंत्रण देत आहे. निमंत्रण चार ओळींचे आहे :

‘उजाडल्यावर लोकमान्य टिळक चौकात, म्हणजे अलका टॉकीजच्या चौकात जमावे. लकडी पुलावरून जंगली महाराज रस्त्याने जाऊन फर्ग्युसन रस्त्याने परत. अंतर सुमारे सहा किलोमीटर. गती ताशी दहा ते बारा किलोमीटर. सर्वांत मागच्या सायकलस्वाराची जी गती, तीच गटाची गती. शिरस्त्राण आवश्यक. नवशिक्यांचे स्वागत.’

वरवर पाहता यात विशेष काही नाही. परंतु साठी-सत्तरीतील माणसाने अशी सूचना औषधाच्या चिठ्ठीप्रमाणे वाचावी, असे मला वाटते. औषधाच्या चिठ्ठीत मात्रा असते, वेळ असते, पथ्य असते आणि हे औषध कोणाला चालणार नाही, हेही वैद्याला ठाऊक असावे लागते. सायकलफेरीच्या निमंत्रणातही ते सर्व असायला हवे. ज्या निमंत्रणात गतीचा आकडा नाही, मागे पडलेल्याचे काय करायचे हे लिहिलेले नाही, तेथे आपल्या वयाच्या माणसाने जाण्यापूर्वी विचारपूस करावी. म्हणून आमच्या चार ओळींमागील कारणे येथे सविस्तर मांडतो.

ताशी दहा ते बारा किलोमीटरच का?

पुण्याच्या पेठांमध्ये वाढलेल्या पिढीला सायकल नवी नाही. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, तेव्हा तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. दिव्याशिवाय किंवा डबलसीट जाताना पोलिसाने अडवल्याच्या आठवणी आजही अनेकजण हसत सांगतात. त्यामुळे ‘मला सायकल येते’ असे म्हणणारे ज्येष्ठ पुष्कळ आहेत, आणि ते खरेही आहे. एकदा शिकलेला तोल मेंदू सहसा विसरत नाही. मात्र तोल आठवतो त्याबरोबर जुनी गतीही आठवते. पाय पंचविशीतल्या सवयीने फिरू लागतात आणि हृदय, गुडघे व डोळे मात्र अडुसष्ट वर्षांचे असतात.

सपाट रस्त्यावर ताशी दहा-बारा किलोमीटर गतीने सायकल चालवणे हे श्रमाच्या दृष्टीने साधारणपणे दोन मजले न थांबता चढण्याच्या जवळपास आहे. जो माणूस दोन मजले चढून वर गेल्यावर धापा न टाकता बोलू शकतो, त्याला ही गती सहसा झेपते. गती ताशी अठरा किलोमीटर केली, तर आकडा दीडपट होतो. श्रम मात्र दीडपटीहून बरेच अधिक वाढतात. याचे कारण समोरची हवा. हवेचा अडथळा गतीच्या प्रमाणात न वाढता तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून पुढच्या सायकलस्वाराला गाठण्यासाठी मारलेली दोन मिनिटांची दौड ही संपूर्ण फेरीतील सर्वांत जड मात्रा ठरू शकते. छातीत दुखू लागण्याचा संभव आरामात चाललेल्या अर्ध्या तासात कमी असतो आणि अशा दोन मिनिटांत अधिक असतो.

मग आणखी सावकाश का नको? कारण फार संथ सायकल डगमगते. चाके पुरेशी फिरत असली की हँडलच्या अगदी लहान हालचालीनेही तोल सावरता येतो. गती पायी चालण्याच्या जवळ आली की हँडल सतत डावी-उजवीकडे करावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी बाजूने रिक्षा गेली तर तोल जातो. दहा ते बारा ही गती या दोहोंच्या मधली आहे. ती ओळखण्यासाठी यंत्राची गरज नाही. आरामात धावणाऱ्या माणसाची जी गती, साधारण तीच ही. एका मिनिटात सुमारे दोनशे मीटर.

श्रमाचे खरे मोजमाप मात्र आपल्या श्वासात आहे. सायकल चालवताना शेजारच्याला एक पूर्ण वाक्य, उदाहरणार्थ ‘परतल्यावर आज आमच्याकडे पोहे आहेत, तुम्हीही या’, मध्ये श्वास न तोडता सांगता आले पाहिजे. वाक्य दोन तुकड्यांत येऊ लागले की गती कमी करावी. शब्द एकेक येऊ लागले तर थांबावे. मनगटावरील घड्याळात दिसणाऱ्या नाडीच्या आकड्यावर ज्येष्ठांनी फार विसंबू नये. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारखी औषधे घेणाऱ्यांची नाडी श्रम वाढले तरी पुरेशी वाढत नाही. घड्याळ ‘सर्व ठीक’ सांगत राहते आणि माणूस दमलेला असतो. श्वासावर मात्र या औषधांचे असे पांघरूण पडत नाही.

‘सर्वांत मागच्याची गती तीच गटाची गती’ या ओळीचा अर्थ आता स्पष्ट होईल. मागे पडलेला माणूस एकटा राहिला की तो गाठण्यासाठी धडपडतो. म्हणून आमच्यात एक अनुभवी सायकलस्वार कायम शेवटी असतो आणि त्याच्या मागे कोणीही राहत नाही. पुढचे लोक ठरलेल्या दोन ठिकाणी थांबतात : एकदा बालगंधर्व रंगमंदिरापाशी आणि एकदा फर्ग्युसन महाविद्यालयाच्या दारापाशी. शेवटचा माणूस आल्यावर लगेच निघायचे नाही. त्याचा श्वास शांत झाल्यावर निघायचे. अन्यथा सर्वांत दमलेल्या माणसालाच सर्वांत कमी विश्रांती मिळते. चालण्याच्या गटांतही हा अन्याय नेहमी घडताना दिसतो.

पडणे कोठे घडते?

घरच्यांना भीती वाटते ती रहदारीची, आणि ती योग्यच आहे. परंतु रविवारी पहाटे रस्ता मोकळा असतो. या वयातील सायकलस्वार पडतो तो बहुधा चालू सायकलवरून नव्हे. तो चढताना, उतरताना आणि अचानक थांबताना पडतो. उंच दांड्याच्या सायकलवर पाय मागून फिरवून टाकावा लागतो. त्या क्षणी सारा भार एका पायावर असतो आणि कंबर पुरेशी वळत नाही. पाय सीटला अडकतो आणि माणूस कुशीवर पडतो. ठिसूळ हाडांच्या व्यक्तीत खुब्याचे हाड मोडण्यास एवढे पुरे होते.

म्हणून पहिला नियम सायकलच्या निवडीचा आहे. मधला दांडा खाली उतरलेली सायकल, जिला आपण लेडीज सायकल म्हणत आलो, ती साठीनंतर पुरुषांनीही निःसंकोच वापरावी. पाय उचलून पुढूनच आत टाकता येतो. दुसरा नियम सीटच्या उंचीचा. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. पहिले सहा-आठ रविवार ही उंची असू द्यावी. पुढे आत्मविश्वास आल्यावर सीट थोडी-थोडी वर घ्यावी. योग्य उंची अशी की, टाच पेडलवर ठेवली आणि पेडल सर्वांत खाली नेले तर गुडघा जवळजवळ सरळ होतो. चालवताना मात्र चवडाच पेडलवर ठेवायचा. मग गुडघ्यात हलका वाक राहतो. सीट कायमच खाली राहिली तर गुडघा प्रत्येक फेऱ्यात फार मुडपतो आणि काही आठवड्यांत वाटीच्या पुढच्या बाजूस दुखू लागते. ‘सायकलने गुडघे दुखतात’ या तक्रारीमागे अनेकदा सायकलचा दोष नसतो. सीट दोन-तीन बोटे खाली असते किंवा गियर जड असतो.

तिसरा नियम थांबण्याचा. ब्रेक दोन्ही हातांनी एकदम आणि हळूहळू दाबावा. केवळ पुढचा ब्रेक जोरात लागला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. केवळ मागचा जोरात लागला तर ओल्या रस्त्यावर चाक घसरते. थांबताना सायकल पूर्ण थांबण्याच्या बेतात असताना डावा पाय जमिनीवर टेकावा, कारण डावीकडे रस्त्याची कड असते आणि उजवीकडे रहदारी. ही क्रिया घराजवळच्या मोकळ्या जागेत दहा-वीस वेळा करून मगच चौकात यावे.

यासाठी घरी दोन साध्या चाचण्या करून पाहाव्यात. पहिली : भक्कम टेबलाजवळ, कोणाच्या तरी सोबतीने, एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का? न आल्यास सध्या सायकलवर बसू नये. तोलाचे व्यायाम सुरू करावेत. दुसरी : खुर्चीवर पाय जमिनीला टेकून सरळ बसावे आणि उजव्या खांद्यावरून मागे वळून पाहावे. मागे ठेवलेली वस्तू दिसते का? आपल्याकडे ओव्हरटेक करणारी वाहने मागून, उजव्या बाजूने येतात. मानेच्या दुखण्यामुळे मागे पाहता येत नसेल किंवा पाहताना भोवळ येत असेल, तर हँडलच्या उजव्या टोकाला आरसा लावून घ्यावा. भोवळीची तपासणी मात्र आधी करावी.

रस्त्यावरचे नियम

आमचे नियम थोडे आहेत, पण त्यांना अपवाद नाहीत. शिरस्त्राणाशिवाय फेरीत येता येत नाही. ते कपाळावर भुवयांपासून दोन बोटे वर बसलेले असावे. मागे सरकवलेल्या टोपीसारखे घातले तर पुढे पडल्यावर कपाळ उघडे राहते. हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटे जातील एवढीच जागा असावी.

सर्वांनी एकामागे एक चालवायचे. दोन सायकलींमध्ये किमान दोन सायकलींची जागा सोडायची. आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही येऊ द्यायचे नाही, कारण पुढचा थोडा जरी वळला तरी चाके एकमेकांना लागतात, आणि अशा वेळी पडतो तो मागचा. कडेला उभ्या असलेल्या मोटारींपासून हातभर अंतर ठेवायचे. दार केव्हा उघडेल ते सांगता येत नाही. पुढच्याने ‘खड्डा’, ‘गतिरोधक’, ‘थांबतोय’ असे मोठ्याने सांगायचे आणि मागच्याने ते आणखी मागे पोहोचवायचे. ज्यांना कमी ऐकू येते त्यांनी श्रवणयंत्र लावून यावे आणि पुढून दुसऱ्या जागी राहावे, म्हणजे पुढच्याचा हातही दिसतो. कानात गाणी लावून कोणीही यायचे नाही.

लाल दिवा सकाळी सहालाही लालच असतो. एकेरी रस्त्यावरून उलट दिशेने चौकापर्यंत यायचे नाही. तेवढे अंतर सायकल हातात धरून पदपथावरून चालत यावे. महापालिकेने २०१७ मध्ये शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला, तरी सायकलमार्ग अनेक ठिकाणी तुटक आहेत. मार्गावरून रस्त्यावर वारंवार उतरण्या-चढण्यापेक्षा सकाळच्या मोकळ्या वेळी रस्त्याच्या डाव्या कडेने सरळ रेषेत चालवणे आम्हांला अधिक सुरक्षित वाटते.

कपड्यांविषयी एक सूचना. पायजम्याची बाटी, साडीचा किंवा ओढणीचा पदर साखळीत वा चाकात अडकण्याचा धोका खरा आहे. उजव्या पायाची बाटी कपड्याच्या पट्टीने किंवा साध्या रबराने घोट्याशी बांधावी. ओढणी घरी ठेवावी. रंग फिका किंवा भडक असावा. मागे लाल दिवा लावावा, उजाडलेले असले तरी.

वेळेबाबत आम्ही काटेकोर आहोत. उन्हाळ्यात सव्वासहाला आणि हिवाळ्यात सव्वासातला निघतो, कारण जानेवारीत पुण्याला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना संधिप्रकाशात खड्डा दिसत नाही, समोरून येणारा दिवा मात्र टोचतो. पावसात फेरी रद्द असते. पावसाळ्यात सरावासाठी नदीपात्रातील रस्त्याकडेही जाऊ नये. खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पाणी ओसरल्यावर चिखल राहतो.

कुत्रा मागे लागला तर गती वाढवू नये. थांबावे, उतरावे आणि सायकल आपल्या व कुत्र्याच्या मध्ये धरून उभे राहावे. चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखान्यात जावे.

एका गृहस्थांचा रविवार

माझ्या दवाखान्यात सायकलचा विषय निघतो तेव्हा प्रश्न बहुधा औषधांचा असतो. म्हणून एक उदाहरण घेऊ. असे समजा की, एक गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे आहेत. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेतात. हृदयासाठी ॲस्पिरिनची छोटी गोळी आहे. चालताना छातीत दुखत नाही, दोन मजले चढतात. त्यांना फेरीला यायचे आहे.

त्यांचा नेहमीचा क्रम असा : सकाळी उठल्यावर ग्लिमेपिराइडची गोळी, मग चहा, नऊ वाजता नाश्ता. रविवारी त्यांनी हाच क्रम ठेवला आणि गोळी घेऊन, केवळ चहावर फेरीला निघाले, तर काय होईल? ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. त्याच वेळी मांडीचे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात. पोटात काही नाही. फर्ग्युसन रस्त्यापर्यंत साखर बरीच खाली येऊ शकते.

एरवी साखर घसरली की हात थरथरतात, छाती धडधडते आणि माणूस सावध होतो. परंतु मेटोप्रोलॉल ही दोन्ही लक्षणे दाबते. घाम मात्र दाबला जात नाही. म्हणून या गृहस्थांनी आणि त्यांच्या मागील सायकलस्वाराने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची : गार हवेत अकारण दरदरून घाम, बोलण्यात गोंधळ, सायकल सरळ न चालणे, विनाकारण चिडचिड ही दमल्याची चिन्हे मानायची नाहीत, प्रथम साखर कमी झाली असे मानायचे. लगेच थांबून खाली बसायचे, तीन-चार लहान चमचे साखर किंवा तेवढेच ग्लुकोज पाण्यातून घ्यायचे, पंधरा मिनिटे थांबायचे, पुन्हा तपासायचे आणि त्या दिवशी सायकल चालवायची नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हे टाळण्यासाठी त्यांचा रविवारचा क्रम बदलायला हवा. त्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे : रविवारी ग्लिमेपिराइडची गोळी परतल्यावर नाश्त्याबरोबर घेतली तर चालेल का? बहुतेकांना तशी परवानगी मिळते, पण ती विचारून घ्यावी. मेटोप्रोलॉल स्वतःहून कधीही चुकवू नये. ते अचानक थांबवल्यास हृदयाला अपाय होऊ शकतो. निघण्यापूर्वी अर्धा तास साखर तपासावी. समजा, ८४ आली. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने नव्वदच्या खाली असताना तसेच निघू नये. एक केळे खाऊन वीस मिनिटांनी पुन्हा तपासावे; ११८ आली तर निघावे. खिशात साखरेची पुडी असावी, आणि ती कोणत्या खिशात आहे हे शेवटच्या सायकलस्वाराला ठाऊक असावे. परतल्यावर पुन्हा तपासणी करावी. श्रमांचा परिणाम काही तास टिकतो, म्हणून दुपारी जेवायला उशीर करू नये. तीन-चार रविवारच्या नोंदी डॉक्टरांना दाखवल्या की पुढील गोष्टी सोप्या होतात.

ॲस्पिरिनविषयी एवढेच : ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणारा माणूस डोक्यावर पडला, तर ‘मला काही झाले नाही’ या त्याच्या शब्दावर विसंबू नये. डोक्याच्या आत रक्तस्राव काही तासांनीही दिसून येतो. त्याच दिवशी रुग्णालयात नेऊन तपासून घ्यावे.

कोणी आत्ता येऊ नये?

ज्यांना चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब येतो. ज्यांना गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका आला, हृदयाची शस्त्रक्रिया झाली. ज्यांना अलीकडे चक्कर येऊन पडल्याचा प्रसंग आला. ज्यांचा रक्तदाब औषधे घेऊनही १८०/११०च्या आसपास राहतो. ज्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांनी आपल्या तज्ज्ञांची परवानगी येईपर्यंत थांबावे. गुडघ्याचे सांधे बदललेल्यांनाही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीने पुढे येता येते. ज्यांच्या तळपायांची संवेदना मधुमेहामुळे कमी झाली आहे, त्यांना पेडलवरून पाय सटकल्याचे कळत नाही. त्यांनी बंद बूट घालावेत, आणि शक्यतो घरी स्थिर सायकल वापरावी.

आणखी एक मर्यादा सांगायला हवी. सायकलने हृदयाला, स्नायूंना आणि गुडघ्यांना लाभ होतो. हाडांना विशेष होत नाही, कारण शरीराचा भार सीट उचलते. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तींनी सायकल सुरू केली म्हणून चालणे बंद करू नये.

फेरीत छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, अचानक धाप असे काही वाटले, तर घर जवळ आहे म्हणून पुढे रेटू नये. तेथेच थांबावे, बसावे, १०८ला कळवावे. असे करणाऱ्याला आमच्या गटात कोणी घाबरट म्हणत नाही.

ज्यांना सायकल येतच नाही

या निमंत्रणाची शेवटची ओळ विशेषतः ज्या स्त्रियांना लहानपणी कोणी सायकल शिकवली नाही, त्यांच्यासाठी आहे. साठीनंतरही सायकल शिकता येते. शिकण्याची रीत मात्र वेगळी हवी. लहान मुलाला शिकवताना आपण सीट मागून धरून पळतो. मोठ्या माणसाला ते चालत नाही. धरणाऱ्याच्या हाताने सायकल उलट अधिक डगमगते, आणि हात सुटला की शिकणारा घाबरतो.

आम्ही दोन्ही पेडल काढून टाकतो. ते काढताना एक लक्षात ठेवावे, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सीट इतकी खाली घेतो की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. मग सपाट, मोकळ्या जागेत बसून केवळ चालायचे. पहिल्या दिवशी एवढेच. दोन-तीन बैठकांत पावले लांब पडू लागतात आणि मध्ये क्षणभर दोन्ही पाय हवेत राहतात. तोल शिकला जातो तो तेथेच. जमिनीकडे पाहू नये. दहा-बारा पावलांवरच्या एखाद्या झाडाकडे पाहावे, कारण नजर जाते तिकडे हँडल वळते. दोन्ही पाय सहा-सात सेकंद वर राहू लागले की पेडल परत बसवावेत. काहींना चार बैठका लागतात, काहींना बारा. चौकातून निघायचे ते सरळ रेषेत चालवणे, ठरल्या जागी थांबणे आणि एक हात सोडून इशारा करणे या तीन गोष्टी जमल्यावरच. तोपर्यंत जमलेल्यांच्या चहात सहभागी व्हायला कोणतीही पात्रता लागत नाही.

घरच्यांसाठी

मुलांनी, सुनांनी, जावयांनी आई-बाबांना अडवण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. शनिवारी सायंकाळी ब्रेक, चाकांतील हवा आणि साखळी पाहावी. ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली तर ती हलता कामा नये. खिशात एक कागद ठेवावा : नाव, वय, आजार, चालू औषधे, रक्त पातळ करणारे औषध असल्यास ते ठळक अक्षरांत, आणि घरचा फोन. तिसरी गोष्ट, परतल्यावर ‘किती किलोमीटर झाले?’ असे न विचारता ‘बोलता येत होते का?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने पुढच्या रविवारी गती वाढते.

फेरीनंतर दोन तासांनीही थकवा राहिला, किंवा दुसऱ्या दिवशी नेहमीचे चालणे जड वाटले, तर मात्रा अधिक झाली असे समजावे आणि पुढच्या वेळी बालगंधर्वापासूनच परत फिरावे. आमच्यातील काहीजण तेथूनच परततात. त्यांच्यासोबत नेहमी एकजण असतो.

पहिल्या रविवारी शिरस्त्राण, पाण्याची बाटली, खिशातला कागद आणि मधुमेह असल्यास साखरेची पुडी एवढे घेऊन यावे. सायकल नसेल तर तशीही या. चौकात उभे राहून गट निघताना पाहा, कोण कसा चढतो, कसा थांबतो ते पाहा, आणि मग ठरवा.